नियम रद्द करायचा, पण वार कुठे करायचा: कायद्यावर की नियमावर?

सरकारचा नियम खटकला की वकिलापुढे दोन वाटा असतात. पहिली, मूळ कायद्यावरच वार: विधिमंडळाने धोरण न ठरवताच अधिकार सोपवले, म्हणजे प्रदत्त अधिकारांचा अतिरेक झाला. दुसरी, कायदा ठीक, पण नियम त्याच्या चौकटीबाहेर गेला.

पहिल्या वाटेचं ठळक उदाहरण हमदर्द दवाखाना खटल्याचं. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४च्या कायद्यात काही आजारांची नावं होती आणि पुढे ‘नियमांत नमूद होईल असा अन्य कोणताही आजार’ अशी मोकळीक होती. आजार कोणत्या निकषावर निवडायचा, याबद्दल कायदा गप्प होता. सर्वोच्च न्यायालयाने तेवढे शब्द रद्द केले, आणि त्यांच्या आधारावर केलेली यादीही आपोआप कोसळली. मग १९६३ साली संसदेने आजारांची अनुसूची कायद्यातच घातली. ही वाट जिंकली तर मोठा फायदा, पण क्वचितच जिंकते, कारण न्यायालय उद्देशिकेतूनही धोरण शोधून काढतं.

दुसरी वाट रोजच्या वापरातली. तिथे पाहायचं ते अधिकार देणारं कलम आणि कायद्याचा हेतू. पण तिलाही मर्यादा आहे. महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाने विनियम करून उत्तरपत्रिकांचं फेरमूल्यांकन नाकारलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुन्हा वैध केला: विनियम कायद्याच्या हेतूशी जोडलेला असेल, तर तो शहाणपणाचा आहे का हे न्यायालय तपासत नाही.

म्हणून मी आधी दुसरी वाट पाहीन. ‘नियम अन्यायकारक आहे’ एवढ्यावर मात्र कुठलीच याचिका उभी राहत नाही.