सहा महिने पेन्सिल स्केचवर इमेज-टू-इमेज : सगळं जमलं, कागदाची राखाडी सोडून

सेटअप नेहमीचाच आहे, घरच्या मशीनवर चित्रं काढणारं एआय मॉडेल एसडीएक्सएल आणि सोबत त्याला स्केचच्या रेषांना धरून ठेवणारं कंट्रोलनेट. स्केच द्यायचं आणि त्यावरून रंगीत चित्र काढून घ्यायचं. सहा महिन्यांनंतर तक्रार मॉडेलबद्दल कमी आणि कागदाबद्दल जास्त आहे.

नमुन्याला जात्यावर दळणारी नऊवारीतली बाई घ्या. फोनने काढलेला स्केचचा फोटो थेट टाकला की चित्र मळकट येतं. प्रॉम्प्टमध्ये कितीही ‘चमकदार रंग’ लिहा, उपयोग शून्य. कारण साधं आहे. इमेज-टू-इमेज कोऱ्या पाटीवरून सुरू होत नाही, तुमच्याच चित्रात नॉइज मिसळून तिथून पुढे जातं. बारीक तपशील त्या नॉइजमध्ये लगेच बुडतात, पण मोठ्या भागांचा रंग आणि उजेड सर्वांत शेवटी पुसला जातो. म्हणजे कागदाची राखाडी आणि कोपऱ्यात पडलेली हाताची सावली हाच मॉडेलला रंगाचा आराखडा वाटतो. डिनॉइझिंग, म्हणजे मूळ चित्र किती बदलू द्यायचं तो आकडा, ०.७५ पर्यंत नेलं तर रंग येतात, पण मग काष्टा जाऊन घेरदार झगा येतो!

यावर उपाय फुकटचा आहे. स्केच ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि लेव्हल्समध्ये पांढरं टोक कागद पूर्ण पांढरा होईपर्यंत आत ओढा. मग क्रिटामध्ये रेषांचा लेयर मल्टिप्लायवर ठेवून खाली सपाट रंग भरा : लुगडं हिरवं, काठ लाल, जातं काळपट, भिंत गेरूची. छटा काढत बसू नका, दहा मिनिटांचं काम आहे. आता डिनॉइझिंग ०.५५ पुरतं. पैसे घेणाऱ्या एका साइटवर हा स्लायडरच लपवलेला आहे आणि प्रत्येक फसलेल्या चित्राला क्रेडिट मात्र कापलं जातं.

कंट्रोलनेटबद्दल मत बदललं. लाइनआर्टचं वजन सरळ १ ठेवावं असं आधी वाटायचं. पण मग कच्च्या मापाच्या रेषाही इमानदारीत उतरतात आणि बाईच्या खांद्यावरून तारा लोंबायला लागतात. वजन ०.८ ठेवून `Ending Control Step` ०.७ केलं की काष्ट्याच्या निऱ्या टिकतात आणि तारा बऱ्याचशा जातात. उरलेल्या खोडरबराने, आधीच. आणि रेषा आधीच साफ काळ्या-पांढऱ्या असतील तर प्रीप्रोसेसरला `invert` निवडा. या मॉडेलला काळ्यावर पांढरी रेष लागते. उलटं दिलं तर रेषा जुळतच नाहीत आणि माणूस तासभर प्रॉम्प्टला शिव्या देत बसतो.

चेहरा वेगळाच करावा लागतो. १०२४ पिक्सेलच्या चित्रात तो जेमतेम ९० पिक्सेल रुंद असतो, आणि मॉडेल आतून ८×८ पिक्सेलचा एकच ठिपका धरतं. म्हणजे अख्ख्या चेहऱ्याला आडवे अकरा ठिपके, त्यात डोळे कुठून येणार? इनपेंटमध्ये `Only masked` निवडून ०.४ वर चेहरा पुन्हा काढला की नजर येते.

खुंट्याभोवतीची बोटं मात्र अजून सहा येतात. ती क्रिटात हातानेच खोडतो.