‘लिफ्ट प्रस्तावित’ या दोन शब्दांपायी माझे 42,700 रुपये गेले

आधीच सांगतो, मी काही भोळा माणूस नाही. 31 वर्षं नाशिकला अंबडच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं, दर नगाची नोंद, दर सहीचा हिशेब. तरी एका 34-35 वर्षांच्या पोराने मला गंडवलं, आणि तेही माझ्याच फ्लॅटच्या जाहिरातीत. बायको अजून टोमणे मारते, मारू दे.

फ्लॅट जेलरोडला. 1996 ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, टू बीएचके. मुलगा पुण्यात, आमचे गुडघे गेलेले, म्हणून विकायला काढला, भाव 31 लाख. मी स्वतः जाहिरात लिहिली होती, साधी, खरी. एजंटला दाखवली तर तो हसला. ‘काका, असं लिहिलं तर माशीसुद्धा फिरकणार नाही. लिफ्ट नाही हे कोणी लिहितं का? तुम्ही फक्त चावी द्या, बाकी माझ्यावर सोडा.’ प्रीमियम पॅकेज 15,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, 17,700 झाले. बिल मागितलं तर ‘काका, पाठवतो’. ते अजून येतंय. बिलाशिवाय जीएसटी देणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री झोप उडते. भाचीच्या लग्नाला सिन्नरला होतो, पंगती चालू, हातात भाताचं पातेलं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने मजकूर पाठवला. ‘850 स्क्वेअर फूट, लिफ्ट प्रस्तावित, 24 तास पाणी, स्टेशनपासून 5 मिनिटं, नव्यासारखा फ्लॅट.’ मी वाचलं. म्हणजे डोळे फिरवले. ‘लिफ्ट प्रस्तावित’ पाशी थबकलो पण, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा कोणीतरी लिफ्टचा विषय काढला होता आणि तळमजल्यावाल्यांनी तिथल्या तिथे हाणून पाडला होता. मनात आलं, हे खोटं आहे. आणि तरी अंगठा पाठवला. वर दोन दिवसांनी टपरीवर चहा पिताना त्याने दिलेल्या कागदावर सही केली, ज्यात खाली बारीक अक्षरात होतं, ‘वरील सर्व माहिती मालकाने दिली असून तिची जबाबदारी मालकाची राहील.’ ज्या माणसाने 31 वर्षं दुसऱ्यांच्या चलनावर बारीक अक्षरं वाचली त्याने स्वतःच्या वेळी वाचली नाहीत. म्हणून म्हणतो, जाहिरात कोणी का लिहिना, तुमच्या नावावर जाणारी प्रत्येक ओळ तुमची आहे.

850 कुठून आले? माझ्या 1996 च्या करारात बिल्टअप 690 आहे. त्यावर याने जिन्याचा, पॅसेजचा वाटा वगैरे चढवून 850 केले. म्हणजे 31 लाखांना भाव दिसतो 3,647 फुटाने, ग्राहकाला वाटतं लॉटरी लागली. मी नंतर स्वतः टेप घेऊन मोजलं. हॉल 10 बाय 15, एक बेडरूम 10 बाय 12, दुसरी 10 बाय 10, किचन 8 बाय 9, संडास-बाथरूम मिळून 36, पॅसेज 24. बेरीज 502. बाल्कनी 40 फूट, ती वेगळी, कारण कार्पेटमध्ये ती धरत नाहीत, बाहेरच्या भिंतीही नाहीत, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरतात (त्या मी मोजल्या नाहीत, थोडंफार वाढेल). 502 ने भागलं तर भाव 6,175 येतो. हा आकडा ग्राहकाला एक ना एक दिवस दिसतोच.

आणि तो दिसला. एक नोकरदार जोडपं आलं, 51,000 टोकन दिलं. पावती माझ्या नावाची, पूर्ण 51,000 ची, पण माझ्या हातात आले 26,000, कारण 25,000 एजंटने ‘ब्रोकरेजचा अ‍ॅडव्हान्स’ म्हणून ठेवून घेतले. ‘व्यवहार पक्का आहे काका.’ मग बँकेचा व्हॅल्युअर आला, टेप काढली, लिफ्ट कुठाय विचारलं. कर्ज अपेक्षेपेक्षा कमी निघालं, जोडप्याने माघार घेतली आणि पूर्ण 51,000 मागितले. मी दिले. त्यांची काय चूक? त्यांनी जाहिरात वाचली होती. 17,700 आणि पदरचे 25,000, एकूण 42,700. एजंटचा फोन तेव्हापासून ‘बिझी’.

पोलीस स्टेशनला गेलो. साहेब म्हणाले दिवाणी मामला आहे, वकील करा. मी म्हटलं खोटी जाहिरात आहे, फसवणूक आहे, तर माझाच कागद माझ्यापुढे धरला, ‘सही तुमची आहे ना?’ अर्ज दोन प्रतींत आणा म्हणाले, आणला, तर झेरॉक्स फिकी आहे. महारेराकडे विचारलं तर तुमची बिल्डिंग जुनी, नोंदणीकृत प्रोजेक्ट नाही, आमच्या कक्षेत बसत नाही. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, मेसेज आला, मग तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, मध्ये काय झालं ते देवालाच ठाऊक. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय, 5 लाखांच्या आतल्या तक्रारीला फी नाही एवढं बरंय. पण त्या टपरीवरच्या सहीचं उत्तर तिथेही द्यावं लागणार.

आता मी पुन्हा स्वतःच जाहिरात लिहिली. लपवलं नाही, पण रडलोही नाही. ती अशी:

‘जेलरोड, टू बीएचके, 1996 ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, 54 पायऱ्या. कार्पेट 502 फूट, बाल्कनी 40 फूट वेगळी. किचन पूर्वेला, सकाळी दहापर्यंत ऊन, समोर इमारत नाही. महापालिकेचं पाणी सकाळी एकदा येतं, सोसायटीची टाकी आहे. पश्चिमेच्या बेडरूमच्या भिंतीला पावसात ओल येते, 2021 ला वॉटरप्रूफिंग केलं, कमी झाली, गेली नाही. पार्किंग फक्त टू-व्हीलरचं. मेंटेनन्स 700. सोसायटी नोंदणीकृत, कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं बाकी. स्टेशन 3 किलोमीटरच्या आत, रिक्षाने सकाळी 10 मिनिटं, संध्याकाळी बिटकोला अडकलात तर 20. भाव 31 लाख, बोलणं होईल.’

ओलीचा फोटो पण टाकला, जसा आहे तसा. किचनच्या उन्हाचा फोटो सकाळी साडेआठला काढला, त्यात खोटं काहीच नाही, घराची तीच वेळ चांगली आहे. मुलगा म्हणाला, बाबा, कन्व्हेयन्सचं कशाला लिहिलंत. मी म्हटलं, त्यांचा वकील पहिल्याच दिवशी विचारेल, मग तेव्हा माझं तोंड कुठे ठेवू?

पहिल्यापेक्षा फोन खूपच कमी आले. पण जे आले त्यातल्या एकानेही ‘लिफ्ट कधी होणार’ विचारलं नाही. नऊ जणांनी फोन केला, चार घर बघायला आले. त्यातले एक गृहस्थ काल आईला घेऊन आले होते, म्हातारी दर मजल्यावर थांबत थांबत वर चढली, हुश्श करून बाल्कनीत बसली आणि मला म्हणाली, ‘दादा, 54 नाहीत, 55 आहेत. खालची ओट्याची पायरी तुम्ही धरलीच नाही.’

रात्री खाली जाऊन मोजल्या. 55 च आहेत. जाहिरातीत बदललं.