दहा मुलाखतींनंतर थांबायचं की नाही?

खाण बंद झाल्यावर डिचोली, सांगे भागातल्या ट्रकमालकांच्या घरात काय झालं, असा विषय घेऊन कुणी प्रबंध लिहायला बसलं की दोन प्रश्न हटकून येतात. किती मुलाखती पुरे? आणि तेवढ्यावरून गोव्याबद्दल बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

पहिल्या प्रश्नाला दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे सॅच्युरेशन, अर्थात संपृक्तता: नवीन मुलाखतीतून नवीन काही निघेनासं झालं की थांबा. दुसरं २०१६ साली माल्टेरुड आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं 'इन्फर्मेशन पॉवर': प्रश्न जितका नेमका, माणसं जितकी त्या प्रश्नाच्या जवळची आणि संवाद जितका सकस, तितक्या कमी मुलाखती चालतात.

सॅच्युरेशनची सोय अशी की ते मोजून दाखवता येतं. गेस्ट, नेमी आणि चेन यांची २०२० ची पद्धत घेऊ. मुलाखतीतल्या प्रत्येक वेगळ्या मुद्द्याला एक छोटं नाव द्यायचं, तो कोड. समजा, पहिल्या सहा मुलाखतींतून ३२ कोड निघाले. हा पाया. पुढच्या दोन मुलाखतींत २ नवे कोड आले: २ भागिले ३२, म्हणजे सुमारे ६ टक्के. त्यापुढच्या दोनांत १ नवा, म्हणजे ३ टक्के. मर्यादा ५ टक्के ठरवली असेल तर दहाव्या मुलाखतीला थांबता येतं. तक्ता परिशिष्टात जोडायचा, परीक्षक खूश.

आता अकरावी मुलाखत घ्या. आधीचे दहाही जण डिचोलीतल्या एकाच ओळखीतून मिळालेले, प्रत्येकाचे दोन-तीन ट्रक. अकरावा सांग्याचा, एकच ट्रक, तोही स्वतः चालवणारा. त्याच्याकडून एकदम ४ नवे कोड निघतात, १२ टक्क्यांहून जास्त. मग दहाव्याला संपलं होतं काय? विषय नव्हे, फक्त ओळखीचं वर्तुळ. एकाने दुसऱ्याचा नंबर द्यायचा, या पद्धतीत हे फार होतं, आणि आकडा ते दाखवत नाही. म्हणून आकडा खाली आला की मुद्दाम वेगळा माणूस शोधायचा: ट्रक विकून टाकलेला, पगारी ड्रायव्हर, हप्त्यांचा हिशेब प्रत्यक्षात सांभाळणारी बायको. त्यांच्या मुलाखतींतही नवं काही निघालं नाही, तरच तो तक्ता खरा.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. 'कर्ज' हा कोड पहिल्याच मुलाखतीत येतो. पण एकासाठी कर्ज म्हणजे बँकेची नोटीस, दुसऱ्यासाठी जामीन राहिलेल्या मेहुण्यासमोर मान खाली जाणं. हे कळायला बऱ्याच मुलाखती लागतात. हेनिंक आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात कोड ९ मुलाखतींत भरले, अर्थ उमगायला मात्र १६ ते २४ लागल्या. त्यामुळे प्रबंधात नुसतं 'सॅच्युरेशन झालं' लिहू नये; कशाचं झालं, तेही लिहावं.

माझं मत सांगतो. कोडबुक आधी ठरलंय, कोडिंग दोघं करताहेत आणि प्रश्न अरुंद आहे, तर सॅच्युरेशन घ्या. अर्थ संशोधकाच्या वाचनातून घडतो असं मानणारी रिफ्लेक्झिव्ह थीमॅटिक पद्धत असेल, तर 'नवं काही उरलं नाही' हा दावाच तिच्याशी विसंगत ठरतो. तिथे इन्फर्मेशन पॉवर बरी. फक्त ती कमी मुलाखतींची पळवाट म्हणून वापरू नका. तुटक उत्तरांच्या आठ मुलाखती त्या कसोटीवरही नापासच.

दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे सामान्यीकरणाच्या प्रश्नाला, बरेच जण 'नमुना लहान आहे, ही मर्यादा' असं लिहून स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतात. किती टक्के ट्रकमालक कर्जात बुडाले, हे सांगायला यादीतून यादृच्छिक नमुना लागतो. मुद्दाम निवडलेल्या बारा जणांचे बाराशे केले तरी ते जमणार नाही. इथला दावा वेगळा असतो: कर्ज घरावर कोणत्या वाटेने येतं, हे तुम्ही दाखवता. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ साली याला ट्रान्सफरेबिलिटी म्हटलं. निष्कर्ष दुसरीकडे लागू पडतो का, हे तिथलं ठाऊक असलेला वाचक ठरवतो. त्याला ठरवता येईल इतकं बारीक वर्णन देणं तुमचं काम.

बारीक म्हणजे किती? कर्नाटकातल्या बळ्ळारीतही २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. तिथल्या वाचकाला 'गोव्यातील एक खाणगाव' एवढ्याने काहीच कळणार नाही. खनिज गावच्या माणसांच्या ट्रकांतून नदीकाठच्या जेटीवर जायचं, तिथून बार्जने मुरगाव बंदरात, आणि तिथून बहुतेक सगळं परदेशी, हे त्याला सांगा. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुढे काही सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये ८८ लीज रद्द होऊन पुन्हा थांबल्या, हेही सांगा. कारण मधल्या काळात ज्याने 'आता चालू राहील' म्हणून नवा हप्ता डोक्यावर घेतला, त्याची गोष्ट इतरांहून वेगळी असणार. मग बळ्ळारीचा वाचक स्वतःच ताडून बघेल: आमच्याकडे जवळच पोलाद कारखाना आहे, म्हणजे गिऱ्हाईक इथलंच; पण एकाच कामावर घेतलेला ट्रक आणि त्याचा हप्ता आमच्याकडेही आहे.