ठरलेली रक्कम की टक्का: दहा हजारांच्या पुंजीवर घसरण कशी बसते

टक्क्यावर खेळलं की पैसे कधी संपतच नाहीत, असं छातीठोकपणे सांगणारे रेसचे शौकीन सोलापुरात बरेच भेटतात. माझा मावसभाऊ त्यातलाच. पुण्याचा सीझन जवळ आला की त्याची वही निघते आणि प्रश्न ठरलेला असतो: "दादा, दरवेळी पाचशेच लावू का पुंजीच्या पाच टक्के?" त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. इथला सगळा हिशेब घोड्यांच्या शर्यतीचा, म्हणजे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या पुण्याच्या मैदानावरचा आहे. पावसाळ्यात तिथे सीझन असतो, आणि सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की आपण दुपारच्या शर्यतींना पोचतो. मटका आणि क्रिकेटचा सट्टा बेकायदेशीर आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली बंदीचा कायदा केला. त्यामुळे त्या वाटांचा विचार इथे नाही.

दोन्ही पद्धती सोप्या आहेत. पुंजी १०,००० धरा. ठरलेल्या रकमेत दर डावाला ५०० रुपये लागतात, पुंजी वर गेली काय किंवा खाली आली काय. टक्क्याच्या पद्धतीत त्या घडीला हातात जे आहे त्याचे पाच टक्के लागतात. पहिला डाव ५०० चा. तो हरला की ९,५०० उरले, म्हणून पुढचा ४७५ चा, मग ४५१ चा. सलग दहावा हरणारा डाव येईपर्यंत रक्कम ३१५ वर आलेली असते. हरत गेलं की डाव आपोआप लहान होतो, जिंकत गेलं की मोठा.

आता घसरण म्हणजे काय ते नीट ठरवू. पुंजी जिथपर्यंत चढली होती त्या शिखरापासून पुढे कितीपर्यंत खाली आली, तो फरक म्हणजे घसरण. सुरुवातीच्या रकमेपासून नव्हे, शिखरापासून. छोट्या माणसाची झोप उडते ती इथेच. काल सोळा हजार होते आणि आज दहा आहेत, तेव्हा "मूळ रक्कम तर शाबूत आहे" हे वाक्य कुणालाच पटत नाही.

समजा भाव बरोबरीचा आहे, ५०० ला ५०० नफा. वीस डाव झाले, दहा जिंकले, दहा हरले. फक्त क्रम बदलून पाहू:

| | ठरलेले ५०० | दर वेळी ५ टक्के |
|---|---|---|
| आधी दहा हार, मग दहा जीत | १०,००० → ५,००० → १०,००० | १०,००० → ५,९८७ → ९,७५३ |
| आधी दहा जीत, मग दहा हार | १०,००० → १५,००० → १०,००० | १०,००० → १६,२८९ → ९,७५३ |

या तक्त्यात सगळा निकाल आहे, म्हणून तो जरा थांबून बघा. टक्क्याची घसरण दोन्ही ओळींत सारखीच आहे, शिखरापासून सुमारे ४० टक्के. वाईट काळ आधी येवो नाहीतर नंतर, सलग दहा हार म्हणजे चाळीस टक्के गेलेच. ठरलेल्या रकमेचं तसं नाही. वाईट काळ सुरुवातीलाच आला तर अर्धी पुंजी जाते, पण तोच काळ पैसे वाढल्यावर आला तर १५,००० चे १०,००० होतात, म्हणजे तेहतीस टक्केच.

टक्का तुम्हाला सुरुवातीला वाचवतो आणि शिखरावर महाग पडतो. ठरलेली रक्कम नेमकी उलट वागते. रुपयांत पाहिलं तर फरक जास्त बोचतो: टक्केवाल्याची पहिल्या ओळीतली घसरण ४,०१३ ची, दुसऱ्या ओळीतली ६,५३६ ची. ठरलेल्या रकमेवाल्याची दोन्हीकडे ५,००० ची. टक्केवारी सुरक्षित असं म्हणणारे पहिली ओळ दाखवतात आणि दुसरी झाकून ठेवतात.

शेवटचा आकडाही बघण्यासारखा आहे. जिंकणं-हरणं समसमान होऊनही टक्केवाल्याच्या हातात ९,७५३ आहेत, २४७ रुपये कमी. यात कुणाची लबाडी नाही. एक डाव जिंकून एक हरला की पुंजी आधी १.०५ पट होते आणि मग ०.९५ पट, म्हणजे ०.९९७५. प्रत्येक जोडीला पाव टक्का झिजतो. तळातून वर यायलाही टक्केवाल्याला दहाऐवजी अकरा जीत लागतात, कारण तळाशी त्याचे डाव लहान झालेले असतात. लहान डावाने जे वाचलं त्याची किंमत लहान डावानेच परत चढताना मोजावी लागते.

"पण पैसे संपत तर नाहीत ना?" हा मावसभावाचा हुकमी मुद्दा. कागदावर खरं आहे. ५०० च्या हिशेबाने वीस हार जास्त झाल्या की खातं शून्य, टक्केवाल्याकडे वीस सलग हारींनंतरही ३,५८५ असतात. पण तिथून मूळ रकमेवर यायला २२ सलग जीत हव्यात. हे न संपणं नावापुरतं आहे.

खरा घोळ टक्का की रक्कम यात नसून डाव केवढा यात असतो, आणि हे पटायला हारीची लांबी माहीत पाहिजे. चारात एकदा जिंकणारे घोडे लावणाऱ्याला दोनशे डावांत कुठेतरी सलग तेरा-चौदा हारी येणं हा साधा हिशेब आहे, साडेसाती नव्हे. पाच टक्क्यांवर चौदा हारी म्हणजे ठरलेल्या रकमेत ३,००० उरतात, टक्क्यात ४,८७७. दोघेही मोडलेले. तेच डाव दोन टक्क्यांचे, म्हणजे २०० चे केले तर ठरलेल्या रकमेत ७,२०० आणि टक्क्यात ७,५३६. दोन पद्धतींतला फरक उरला ३३६ रुपये. डाव लहान ठेवला की पद्धतीवरचा वाद जवळजवळ संपतो.

छोट्या पुंजीला आणखी एक खोडा असतो, आणि तो पुस्तकी हिशेबात दिसत नाही. खिडकीवर ३७ रुपये ६० पैशांचं तिकीट मिळत नाही. रक्कम ठराविक पटीतच लावावी लागते. समजा ती पट दहाची आहे आणि तुमची पुंजी हजार. दोन टक्के म्हणजे २०. पुंजी नऊशेवर आली की १८ व्हायला हवेत, पण तुम्ही २० च लावता. आठशेवर १६, तरी २०. नाव टक्क्याचं आणि चाल ठरलेल्या रकमेची, तीही नेमकी घसरणीत, जिथे टक्क्याने वाचवायचं होतं. वर पूर्ण केलेला आकडा म्हणजे टक्का गुपचूप वाढवणं: आठशेवर २० म्हणजे अडीच टक्के झाले. टक्क्यावरच खेळायचं असेल तर नेहमी खाली पूर्ण करायचं, आणि दोन टक्क्यांचा आकडा सर्वांत लहान तिकिटाच्या किमान पाच-सहा पट तरी असायला हवा. तेवढी पुंजी नसेल तर टक्क्याचा हट्ट सोडलेला बरा.

पुंजी मोजायची कधी, हाही प्रश्न आहे. दिवसात सहा-सात शर्यती असतात. प्रत्येक शर्यतीनंतर गर्दीत, घामाघूम अवस्थेत मोबाइलवर टक्के काढणारा माणूस मी पाहिला आहे, आणि चौथ्या शर्यतीपर्यंत त्याचा टक्का मूडवर चाललेला असतो. सकाळी गाडीत एकदा हिशेब करून दिवसभर तोच आकडा ठेवला तर चालतं. दिवसापुरती ठरलेली रक्कम, दिवसादिवसांमध्ये टक्का. घसरण किंचित वाढते, चुका बऱ्याच कमी होतात.

एका सवयीने दोन्ही पद्धतींचे हिशेब फुकट जातात. पुंजी सहा हजारांवर आली की पगारातून चार हजार टाकून पुन्हा दहा करणं. टक्क्याने डाव ३०० वर आणला असता, तुम्ही तो पुन्हा ५०० वर नेलात आणि वहीत घसरण दिसतच नाही. भर घालायचीच असेल तर ती वेगळ्या रकान्यात लिहा आणि घसरण मोजताना वगळा. नाहीतर वही सांगते "पुंजी दहा हजार" आणि घरातून गेलेले असतात चौदा.

टक्क्याच्या बाजूने नेहमी जॉन केलीचं नाव घेतलं जातं. बेल लॅब्समधल्या केलीने १९५६ साली सूत्र मांडलं, ते पुंजीचा किती हिस्सा लावावा यावरच आहे. पण ते तुमच्या अंदाजाची भावावर खरोखर मात असेल तेव्हाच हिस्सा सांगतं. मात नसेल तर उत्तर शून्य येतं. टोट, म्हणजे सगळ्यांचे लावलेले पैसे एका पूलमध्ये जमवून जिंकणाऱ्यांत वाटणारी क्लबची व्यवस्था, प्रत्येक पूलमधून आपला वाटा आधीच कापते, त्यामुळे बहुतेकांचं खरं उत्तर शून्याच्या खालीच असतं. समजा सरासरी दर शंभराला १५ जातात. २०० च्या शंभर डावांत २०,००० ची उलाढाल होते आणि ३,००० जातात. दोन टक्क्यांच्या पद्धतीत सरासरीने सुमारे २,६०० जातात, कारण डाव लहान होत जातात. टक्का तोट्याचा वेग थोडा कमी करतो, तोट्याचा नफा करत नाही.

सोलापूरकराचा खर्च तर त्याआधीच सुरू होतो. २०० चे सात डाव म्हणजे १,४०० रुपये लावले. तुम्ही खरोखर हुशार असाल आणि शंभराला पाच सुटत असतील तरी दिवसाचे ७० रुपये होतात. त्यात पुण्याचं एका बाजूचं भाडंही निघत नाही. हा खर्च शौकाच्या खात्यात घाला, पुंजीत नको.

तर निवड. पुंजी दोन-तीन हजारांच्या आत असेल तर ठरलेली रक्कम घ्या, सुरुवातीच्या पुंजीच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि सीझनभर बदलू नका. पुंजी दहा हजारांच्या आसपास असेल तर मी मधला मार्ग धरतो: २०० ठरलेले, पण पुंजी ७,५०० ला आली की डाव १५० करायचा. वर मात्र घाई नाही, १५,००० होईपर्यंत २०० च. खाली लवकर उतरायचं, वर उशिरा चढायचं, म्हणजे सुरुवातीच्या वाईट काळात टक्क्याचं संरक्षण थोडंफार मिळतं आणि शिखरावरचा तो ६,५०० चा खड्डा टळतो. शुद्ध टक्का मी फक्त त्याला सुचवेन ज्याची पुंजी खिडकीच्या पटीपेक्षा खूप मोठी आहे, डाव वर्षाला शेकड्यांनी होतात आणि ज्याच्या वहीत दोन-तीन सीझनचा नफा लिहिलेला आहे. मावसभावाच्या वहीत तो नाही, त्यामुळे यंदा त्याने पहिल्या पानावर २०० लिहिले आहेत आणि खाली ७,५०० ची रेघ मारली आहे.