परीक्षेची पगारी रजा की फीचे पैसे?

जुळे सोलापुरातल्या माझ्या मावसबहिणीला पुण्याच्या कंपनीची ऑफर आली. पगार वर्षाला ६ लाख. एचआर म्हणाली, "एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या, परीक्षेसाठी दोन दिवस पगारी रजा किंवा फीची भरपाई, एकच मिळेल." ताईचा लगेच फोन, काय मागू?

आधी पैसे. असोसिएट पातळीच्या परीक्षेची फी १५० डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास. तिचा दिवसाचा पगार साधारण १,६६७ रुपये, दोन दिवसांचे ३,३३४. इथं भरपाई सरळ पुढं.

पण नापास झाली तर? १४ दिवस थांबून पुन्हा पूर्ण फी भरावी लागते. 'पास झाल्यावरच भरपाई' अशी अट असेल, तर पहिले पंधरा हजार तिच्याच खिशातून. रजेला निकालाशी देणंघेणं नाही. म्हणून तिला म्हटलं, "पहिल्या प्रयत्नाची फी निकाल काहीही लागो मिळेल, एवढं ऑफर लेटरात लिहून माग. फोनवरचा शब्द धरू नकोस."

वसुलीची अट खरी चावरी. वर्षाच्या आत सोडल्यास पूर्ण रक्कम परत, असं असेल तर महिन्यांच्या प्रमाणात कमी करून घ्यावी. रजेवर अशी वसुली सहसा लावत नाहीत.

तयारी झालेली आणि वर्षभर टिकणार असाल, तर भरपाई घ्या. अभ्यास बाकी, शिफ्ट दमवणारी, किंवा फीऐवजी चालणारं व्हाउचर आधीच हातात असेल, तर रजा. ताईनं भरपाई घेतली, परीक्षा रविवारी.