मालमत्ता नोंदवही: ब्लॉकनिहाय की वस्तुनिहाय?

आयकरापुरती ब्लॉकनिहाय, म्हणजे एकाच घसारा-दराची सगळी यंत्रं एका गटात धरून केलेली नोंद चालते, पण यंत्र विकलं की ती काहीच सांगत नाही. समजा, एप्रिलमध्ये लेथ 4,00,000 रुपयांना घेतली. घटत्या शिलकीवर 15 टक्के घसारा धरला, तर दोन वर्षांनी शिल्लक 2,89,000. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी ती 2,50,000 ला विकली. ब्लॉकमधून विक्रीची रक्कम वजा होते आणि उरलेले 39,000 इतर यंत्रांच्या आकड्यात मिसळून जातात. वस्तुनिहाय नोंदवहीत तोच तोटा लेथच्या ओळीत दिसतो.

म्हणून मी वस्तुनिहायच ठेवते. यंत्रावर रंगवलेला क्रमांक खरेदीच्या बिलावरही लिहिते. विकलेल्या यंत्राची ओळ पुसत नाही, तिथेच विक्रीची तारीख आणि रक्कम भरते. करासाठी ब्लॉकचा तक्ता वेगळा.