व्हॉट्सॲपचा एन्क्रिप्टेड बॅकअप: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी व्हॉट्सॲपच्या बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे माझ्या किल्लीशिवाय कोणालाही न उघडणारे कुलूप, सुरू केले, जुलैच्या पावसात माझा फोन गेला आणि 14 महिन्यांचे संदेश परत मिळवण्याच्या खटपटीत पुढचे तीन आठवडे गेले. त्यानंतरचे चार महिने मी हीच सोय वेगळ्या रीतीने वापरत आहे. ऑगस्टमध्ये मी या सोयीला पाचपैकी एकच तारा दिला असता. आज चार देतो. मत का बदलले, आणि एक तारा अजून का राखून ठेवला आहे, ते सविस्तर लिहितो.

साताऱ्यात आमच्या घराचे बांधकाम चालू होते आणि ठेकेदाराशी झालेला सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर होता. कोणत्या टप्प्यावर किती हप्ता द्यायचा, कोणते जादा काम कोणत्या दराने ठरले, स्लॅब ओतण्यापूर्वी बांधलेल्या सळयांचे फोटो, हे सारे त्या एका संभाषणात होते. फोन भिजला तेव्हा पडदा काळा झाला, पण फोन आल्यावर तो वाजत होता आणि थरथरतही होता. याचा अर्थ आतला बोर्ड शाबूत होता, हे मला तेव्हा उमगले नाही. मी तो सर्व्हिस सेंटरवर दिला, त्यांनी मला न विचारता मदरबोर्डच बदलला आणि आठ दिवसांनी कोरा फोन हातात ठेवला. पावतीवर डेटाची जबाबदारी ग्राहकाची, असे छापलेले होते. माझा खरा राग त्या सेंटरवर आहे आणि तो अजून गेलेला नाही. अँड्रॉइड फोनमधील साठवण त्याच बोर्डावरील चिपमध्ये बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असते, त्यामुळे बोर्ड गेला की जुनी साठवण सापडली तरी ती वाचता येत नाही.

तरीही मी निश्चिंत होतो, कारण गुगल ड्राइव्हवर आदल्या रात्रीचा बॅकअप होता. नव्या फोनवर नंबर टाकला, एसएमएसने आलेला कोड भरला, बॅकअप सापडल्याचे ॲपने दाखवले आणि पासवर्ड मागितला. मी डायरीत लिहून ठेवलेले सहा आकडे टाकले. ते चुकीचे ठरले.

इथेच या सोयीतील तो दोष आहे, ज्याबद्दल मी सर्वाधिक लिहिणार आहे. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन असतो आणि एन्क्रिप्टेड बॅकअपचा पासवर्ड वेगळा असतो. पहिला तुमच्या नंबरवर दुसऱ्या कोणी खाते उघडू नये म्हणून असतो. तो विसरलात तर ईमेलवरून बदलता येतो, आणि ईमेल दिलेला नसेल तर सात दिवस थांबून नवा करता येतो, कारण तो तपासणारी कंपनी आहे आणि कंपनीला अपवाद करता येतो. फोन हातचा गेला की दुसऱ्याबाबत अशी वाटच नाही. दोन्ही गोष्टी सेटिंग्जमध्ये आहेत, दोन्ही सुरक्षेच्या नावाने येतात आणि माझ्यासारख्या माणसाच्या मनात त्यांचा एकच पासवर्ड होऊन बसतो. मी पिन लिहून ठेवला आणि ज्याला पर्यायच नव्हता तो पासवर्ड मात्र लिहिला नाही. ॲपने पासवर्ड घेताना सूचना दिली होती, हे मी मान्य करतो. पण बॅकअपचा पासवर्ड आणि खात्याचा पिन एक नव्हेत, हे त्याच पानावर ठळक वाक्यात हवे, असे माझे मत आजही आहे. राखून ठेवलेला तारा याच कारणासाठी आहे.

आठवतील ते पासवर्ड मी टाकून पाहिले आणि पाचव्या चुकीनंतर हात आवरला, कारण मदतपानावर वाचले की चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा आहे. मग कंपनीकडून संदेश मागण्याचा एकमेव अधिकृत मार्ग मी वापरला. सेटिंग्जमधून खात्याच्या माहितीचा अहवाल मागवता येतो आणि तो साधारण तीन दिवसांत तयार होतो. अहवाल आला. त्यात माझी प्रोफाइल होती, संपर्कांचे क्रमांक होते, गटांची नावे होती, सेटिंग्ज होती. संदेश एकही नव्हता.

त्या दिवशी कंपनी माझी मालमत्ता अडवून बसली आहे, असे मला वाटले. पुढच्या आठवड्यात ही व्यवस्था कशी बांधली आहे ते समजून घेतले आणि तो समज मागे घेतला. संदेश पोहोचला की तो व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवरून काढला जातो. न पोहोचलेला संदेश जास्तीत जास्त 30 दिवस तिथे थांबतो, आणि तोही कुलूपबंद अवस्थेत. म्हणजे 14 महिन्यांचा व्यवहार कंपनीच्या कपाटात कधी नव्हताच. तो माझ्या फोनमध्ये होता, ठेकेदाराच्या फोनमध्ये होता आणि त्याची प्रत माझ्या ड्राइव्हवर होती.

ड्राइव्हवरच्या प्रतीची किल्ली कुठे असते, हा खरा प्रश्न आहे. सप्टेंबर 2021 मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी याची रचना प्रसिद्ध केली आणि त्यानंतर ही सोय लोकांना मिळू लागली. फोन स्वतःच एक यादृच्छिक किल्ली तयार करतो आणि तिने बॅकअप बंद करतो. तुम्ही पासवर्डचा पर्याय निवडला तर ती किल्ली कंपनीच्या डेटा सेंटरमधील खास उपकरणांत, ज्यांना हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल म्हणतात, ठेवली जाते. बरोबर पासवर्ड आला तरच ते उपकरण किल्ली फोनकडे पाठवते. पासवर्ड कंपनीला कळत नाही, कारण तो सिद्ध करण्याची पद्धतच अशी आहे की प्रत्यक्ष पासवर्ड फोनबाहेर जात नाही. ठराविक चुका झाल्या की उपकरण ती किल्ली कायमची निरुपयोगी करते. या खात्याची एक किल्ली आत आहे, एवढेच कंपनीला माहीत असते. पासवर्डऐवजी 64 अक्षरी किल्ली स्वतःच जपण्याचा पर्याय निवडला तर ती कंपनीकडे पाठवलीच जात नाही. म्हणून माझ्या तक्रारीवर कोणीही, कितीही वरच्या पदावरचा अधिकारी बसला असता, तरी त्याला देण्यासारखे काही नव्हते.

ही केवळ ग्राहकाला सांगायची सबब नाही, याचा पुरावा दुसऱ्या एका ॲपच्या बाबतीत जाहीर आहे. 2016 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियातील ग्रँड ज्युरीने सिग्नलकडे समन्सद्वारे दोन फोन नंबरांची माहिती मागितली. त्यांपैकी एकाचेच खाते होते, आणि सिग्नलला ते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले एवढेच देता आले. न्यायालयाच्या समन्सला जे देता येत नाही, ते माझ्या ईमेलला कसे मिळणार? याउलट टेलिग्रामचे साधे संभाषण नव्या फोनवर नंबर टाकताच जसेच्या तसे येते, कारण ते एंड-टू-एंड नसते आणि सर्व्हरवर कंपनीला वाचता येईल अशा स्थितीत असते. परत देण्याची क्षमता आणि वाचण्याची क्षमता एकच आहे.

आता काय परत मिळाले ते सांगतो, कारण सगळेच गेले नाही. मे महिन्यात मी फोनमधील `Android/media/com.whatsapp/WhatsApp` हे फोल्डर संगणकावर उतरवले होते. त्यातील `Databases` मध्ये `msgstore.db.crypt15` ही फाइल होती, म्हणजे मेपर्यंतचे सगळे संदेश माझ्या टेबलावर होते आणि त्याच किल्लीअभावी त्यांतले एक अक्षर वाचता येत नव्हते. पण शेजारच्या `Media` फोल्डरवर कुलूप नसते. आलेले फोटो तिथे साध्या रूपात असतात आणि `IMG-20250312-WA0007.jpg` अशा नावातच तारीख असते. सळयांचे फोटो मला तिथे तारखेनिशी मिळाले. आवाजी संदेशही `WhatsApp Voice Notes` मध्ये होते, आणि जादा प्लास्टरचा दर ठेकेदाराने त्यांतच बोलून सांगितला होता. हे ऐकले तेव्हा तीन आठवड्यांत पहिल्यांदा जिवात जीव आला.

लेखी संदेशांसाठी दुसऱ्या टोकाकडे जावे लागले. बांधकामाच्या गटात माझी पत्नी होती, तिच्या फोनवरून चॅट एक्स्पोर्ट केले. माझे आणि ठेकेदाराचे स्वतंत्र संभाषण मात्र फक्त त्याच्याकडे उरले होते. मी संकोचून विचारले. तो म्हणाला, "साहेब, तुमचं आहे तेच माझ्याकडं आहे, घ्या की." त्याने फाइल पाठवली. माणूस सरळ निघाला म्हणून निभावले. एक्स्पोर्टची फाइल ही साधा मजकूर असते, कोणीही ओळी बदलू शकतो, आणि वादाच्या व्यवहारात समोरच्याच्या प्रतीवर विसंबणे ही मोठी जोखीम आहे.

आणखी एक चूक नोंदवतो, ती टाळता आली असती. माझ्या ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सॲप जोडलेले होते आणि त्यात बरेच जुने संदेश दिसत होते. मी घाईने नव्या फोनवर नंबर नोंदवला आणि संगणकावरचे लॉगिन सुटले. फोन बिघडल्यावर आधी संगणक उघडून महत्त्वाचे संदेश उतरवून घ्यायला हवे होते आणि नंबर नंतर नोंदवायला हवा होता. त्याहून आधी केवळ पडदा बदलून घ्यायला हवा होता. जुना फोन उघडला असता तर बॅकअपच्या सेटिंगमध्ये पासवर्ड विसरल्याचे सांगून, बोटाच्या ठशाने ओळख पटवून नवा पासवर्ड करता आला असता, कारण किल्ली त्या फोनमध्येच होती. थोडक्या पैशांच्या पडद्याने जे साधले असते, ते महागड्या बोर्डाने घालवले.

इतके होऊनही एन्क्रिप्शन मी बंद केले नाही, याचे घरच्यांना आश्चर्य वाटले. साधा बॅकअप ठेवला तर माझे गुगल खाते आणि माझा नंबर ज्याच्या हाती लागेल, त्याला ड्राइव्हवरचे सगळे संभाषण उघडता येईल. बनावट कागदांवर दुसरे सिमकार्ड काढून फसवणूक होण्याच्या काळात मला ते नको आहे. मी फक्त पासवर्डऐवजी 64 अक्षरी किल्ली निवडली. ती चार-चार अक्षरांच्या 16 गटांत दोन कागदांवर लिहिली, एक कागद घराच्या खरेदीखताच्या फाइलीत आणि दुसरा बहिणीकडे कराडला ठेवला. ड्राइव्हवरच्या मोफत 15 जीबीच्या बाहेर जाऊन दरमहा पैसे भरायची माझी तयारी नाही, म्हणून व्हिडिओ बॅकअपमधून वगळले आणि `Media` फोल्डर महिन्याच्या पहिल्या रविवारी संगणकावर उतरवतो.

लिहिलेली किल्ली चालते की नाही, हे संकटाच्या दिवशी कळू नये म्हणून ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष पाहिले. दुरुस्त होऊन आलेल्या जुन्या फोनवर नंबर नोंदवला आणि कागदावरून किल्ली टाकली. पहिल्यांदा चुकली, कारण माझ्या अक्षरात `b` आणि `6` सारखे दिसत होते. दुसऱ्यांदा संदेश उतरू लागले. त्या संध्याकाळी दोन्ही कागद पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिले आणि कराडचा कागद बहिणीने परत पाठवून नवा ठेवून घेतला.